बर्फाच्या नव्या यंत्राचं टिपण

मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बाबा तिथे बर्फाच्या प्लँटवर ऑपरेटर होतेच. बंदराच्या एका अंगाला प्लँट, त्याला लागून आमचं ऑफिस, मध्ये एक फरशीचं अंगण. खिडकीतून मला बाबांच्या कॉम्प्रेसरची धडधड दिवसभर ऐकू यायची. लोक म्हणायचे, बाप-लेक एका संस्थेत म्हणजे काय मज्जा! कसली मज्जा? ऑफिसात माझ्याकडून एखादी चूक झाली की मॅनेजरसाहेब आधी खिडकीतून प्लँटकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. माझं तोंड तिखट होतं, पण त्या ऑफिसात मी ते बंद ठेवायला शिकले. बाबांमुळे शिकले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साल आता नक्की सांगत नाही, कारण मला साल आठवतं ते त्या टिपणावरून आणि टिपण आठवलं की बाकी सगळंच आठवतं.

प्लँट जुना झाला होता. खाडीत आणि बंदरात यांत्रिक बोटी वाढल्या होत्या, बर्फ पुरत नव्हता. एप्रिल-मे महिन्यात बोटवाले लाद्यांसाठी अंगणात अक्षरशः भांडायचे. म्हणून पावसाळ्यात, बोटी वर ओढलेल्या आणि प्लँट बंद असताना, मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "नव्या यंत्राचं टिपण मंडळापुढे न्यायचंय. माहिती तू गोळा कर. तुला लिहिता येतं आणि प्लँटमधलं कळतं."

मला प्लँटमधलं कळत होतं ते बाबांमुळे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी तिथे जायची, तेव्हा ते मला सगळं सांगायचे. अमोनिया वायू कॉम्प्रेसर दाबतो, तो तापतो, कंडेन्सरमध्ये पाणी त्याला थंड करून पातळ करतं, मग तोच मिठाच्या पाण्याची टाकी गार करतो आणि त्या टाकीत डबे सोडले की त्यांच्यातल्या पाण्याचा बर्फ होतो. एवढंच. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायचं आणि कंडेन्सरच्या नळ्यांना आतून क्षार धरायचा. पाणी नीट गार करेनासं झालं की वायूचा दाब वाढायचा. दाब फार वाढला तर कॉम्प्रेसर आपोआप बंद पाडणारी एक डबी भिंतीवर होती. तिला सगळे कटआऊट म्हणायचे.

साहेबांनी मला जुनं एक टिपण नमुना म्हणून दिलं. ते ट्रक खरेदीचं होतं. त्यात आधी सद्यस्थिती, मग पर्याय, मग तुलनेचा तक्ता, पैसे कुठून उभे करायचे, शिफारस आणि शेवटी ठरावाचा मसुदा. साहेब म्हणाले, "मंडळाला एकच गोष्ट पुढे करून चालत नाही. तिन्ही-चारही वाटा दाखवायच्या, प्रत्येकीचं बरं-वाईट सांगायचं आणि मग आपलं मत. नाहीतर उद्या निबंधकांचं ऑफिस विचारेल, दुसरं काही बघितलंत का? कर्ज देणारेही तेच विचारतील."

आमच्या चार वाटा ठरल्या. एक, आहे तो प्लँट दुरुस्त करणे, म्हणजे कंडेन्सरच्या नळ्या बदलणे, कॉम्प्रेसर उघडून नवा करणे. दोन, त्याच जागेत नवा मोठा प्लँट, नवी टाकी, क्षार धरला तरी पुरेल असा मोठा नवा कंडेन्सर. तीन, हर्ण्याच्या बाजूला बंद पडलेल्या एका कारखान्याचा वापरलेला प्लँट उचलून आणणे. चार, प्लँट बंद करून बाहेरून बर्फ ट्रकने मागवणे. चौथ्याला साहेब हसले, पण म्हणाले, लिही. तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवली, ती लखोट्यात बंद होऊन आली आणि मी तक्ता आखायला बसले.

सद्यस्थितीसाठी प्लँटचं रजिस्टर लागलं. दर तासाला दाब, तापमान लिहायचं आणि कटआऊटने प्लँट थांबवला तर लाल शाईत 'बंद' असं लिहायचं, अशी पद्धत. मी वर्षं चाळायला लागले. आधीच्या उन्हाळ्यांमध्ये दुपारी लालच लाल. आणि शेवटच्या दोन उन्हाळ्यांत? एकसुद्धा लाल नोंद नाही. दाबाचे आकडे सगळे एकसारखे, शहाण्या मुलाच्या वहीसारखे.

मी थबकले. या कागदावरून प्लँट आजारी नव्हताच! उलट सुधारला होता. हा आकडा मी जसाच्या तसा लिहिला असता तर कोणीही शहाणा संचालक म्हणाला असता, मग नवा कशाला? दुरुस्त करा आणि चालवा. पण प्लँटमधली गर्मी मी स्वतः सोसली होती. क्षार धरलेला कंडेन्सर आपोआप बरा होतो होय?

संध्याकाळी जेवताना मी विचारलं. ताटात कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा. आई वाढत होती. मी म्हटलं, "बाबा, दोन उन्हाळे एकदाही कटआऊट पडला नाही. कसं काय?"

बाबांनी घास संपवला. मग म्हणाले, "पडणार कसा? तार लावलीय त्याला."

कटआऊटच्या दोन टोकांना तार जोडली की डबीने कितीही दाब मोजला तरी वीज तुटत नाही. कॉम्प्रेसर चालूच राहतो. बाबांनी मला हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी भाताचा हात तसाच धरून बसले.

"आणि रजिस्टर?"

"रजिस्टर पण मीच लिहितो ना."

"बाबा, दाबाने सांध्याचं गॅसकेट उडलं असतं तर? आत तुम्ही असता, डबे उचलणारी माणसं असतात. अमोनिया डोळ्यांत, छातीत गेला तर माणूस…"

"सेफ्टी व्हॉल्व्ह हाय," ते म्हणाले. "मला माहीत नाय काय गो, काय होतं ते?"

मग हळूहळू सगळं निघालं. दोन उन्हाळ्यांपूर्वी एक दुपार अशी आली की प्लँट चार वेळा थांबला आणि लाद्या धरल्याच नाहीत. एक संचालक, मोठ्या ट्रॉलरांचे मालक, स्वतः अंगणात आले. बोटी बर्फावाचून उभ्या होत्या. बाबांना सगळ्यांसमोर बोलले. "तार लाव असं त्यांनी कधी सांगितलं नाय हां," बाबा म्हणाले. "एवढंच म्हणाले, काय वाट्टेल ते कर, पण बर्फ थांबता कामा नये. दुसऱ्या दिवशी मी लावली. साहेब आले, त्यांनी बघितली, आणि वर पंख्याकडे बघत परत गेले."

आई म्हणाली, "हे तुझ्या त्या कागदात घालू नकोस. नोकरीची दोनच वर्षं राहिलीत त्यांची."

 बाबांनी उठून हात धुतले. मग दारातून म्हणाले, "घालू नको, असं मी पण सांगतो. धोका काय तो मला शिकवायला नको, माहीत हाय मला."

मी रागावले. आईवर, बाबांवर, पंख्याकडे बघणाऱ्या साहेबांवर. सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण मला घाबरायला होत होतं. घातलं तर बाबांची नोकरी जाणार, ग्रॅच्युइटीसुद्धा अडकणार, आणि ज्या माणसाने तीस वर्षं त्या खोलीत घाम गाळला त्याचं नाव निष्काळजी म्हणून लागणार. नाही घातलं तर मंडळ दुरुस्तीचा स्वस्त पर्याय घेणार, तार तशीच राहणार आणि पुढच्या उन्हाळ्यात ती खोली फुटेल की नाही हे देवाला माहीत. आणि त्या खोलीत पहिले बाबाच असणार! म्हणजे त्यांना वाचवायचं तर त्यांचंच नाव घालवायचं. असला हिशेब कोणावर येऊ नये.

तीन दिवस मी ते वाक्य लिहिलं आणि फाडलं. शेवटी आमच्या ऑफिसच्या भाषेने मला वाट दिली. सरकारी आणि सहकारी कागदात कोणी काही करत नाही. सगळं 'करण्यात येतं'. पत्र पाठवण्यात येतं, माल उचलण्यात येतो, चूक होण्यात येते म्हणा ना! मी टाईप केलं: 'उच्च दाबाच्या वेळी यंत्र थांबवणारा कटआऊट तार जोडून निकामी करण्यात आलेला आहे. त्यामुळे मागील दोन हंगामांतील रजिस्टरच्या नोंदी विश्वसनीय धरता येत नाहीत.'

खरं तर होतं. आणि त्यात माणूस कुठेच नव्हता. मला त्या वाक्याचं तेव्हा कौतुक वाटलं, हे कबूल करते.

शिफारस दुसऱ्या पर्यायाची केली. कारणं लिहिली. दुरुस्तीने कंडेन्सर नवा होईल, पण टाकीचा पत्रा गंजलेला राहील आणि बर्फ वाढणार नाही. हर्ण्याकडचा प्लँट स्वस्त, पण किती वर्षं चालला याची कोणी लेखी हमी देत नाही, आणि उतरवून आणण्यात-बसवण्यात पुढचा हंगाम जाईल. बाहेरून बर्फ आणला तर घाटात वितळेल आणि दर दुसऱ्याच्या हातात राहील. नव्याचं कर्ज जड, पण बर्फाच्या विक्रीतून हप्ता निघतो, तो कसा तेही मांडलं. साहेबांनी सगळं वाचलं. त्या वाक्यापाशी त्यांचं बोट थांबलं. चष्मा काढून त्यांनी पुसला आणि पुन्हा लावला. "राहू दे," एवढंच म्हणाले. स्टेन्सिल कापून मी प्रती काढल्या.

सभा दुपारी झाली. संचालक नऊ, त्यांतले बहुतेक बोटवाले. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसले होते. टिपण साहेबांनी वाचून दाखवलं. चौथ्या पर्यायाला सगळे हसले, तिसऱ्यावर थोडा वाद झाला. मग ट्रॉलरवाले संचालक बोलले. त्यांना दुरुस्ती हवी होती. नवं कर्ज काढलं की लाभांश जाणार होता.

"हे काय लिहिलंय?" त्यांनी कागद वर धरला. "निकामी करण्यात आलेला आहे. कोणाकडून? यंत्र स्वतःला तार लावतं काय?"

कोणी हसलं नाही.

"म्हणजे बघा," ते अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "यंत्राचा दोष नाही, माणसाचा आहे. माणूस बदला, तार काढा, नळ्या बदला. नव्या प्लँटची गरजच काय?"

मुद्दा बिनतोड होता. माझ्याच वाक्याने त्यांना तो दिला होता. माणूस लपवायला मी तो काढून टाकला आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी आपल्याला हवा तसा माणूस आणून बसवला. अध्यक्ष, वृद्ध गृहस्थ, शांतपणे म्हणाले, "मॅनेजर, कोणी लावली?"

साहेब पंख्याकडे बघू लागले.

इतिवृत्त लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं. मी उठले तेव्हा पेन हातातून खाली पडलं. म्हटलं, "माझ्या वडिलांनी लावली. पण अध्यक्षसाहेब, तार काढली तर मे महिन्यात दुपारी हा प्लँट चालत नाही. नळ्या नव्या घातल्या तरी तेच मचूळ पाणी फिरणार आहे आणि टाकी तीच गळकी आहे. ते चालत नव्हतं म्हणूनच तार लागली. दोन्ही खरं आहे."

 आवाज माझाच निघाला, तिखट. अध्यक्ष म्हणाले, "त्यांना बोलवा."

शिपाई प्लँटमधून बाबांना घेऊन आला. ते कॉम्प्रेसर उघडून साफ करत होते. हाताला ग्रीस होतं, ते दारातच कपड्याला पुसत उभे राहिले. आत आले नाहीत. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं. त्या बघण्यात राग होता का, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

"तार तुम्ही लावलीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

खोलीत नऊ संचालक होते. त्यांतल्या एकाने अंगणात येऊन बाबांना बोललेलं इतरांपैकी तिघांनी तरी बघितलं होतं. बाबांची नजर सगळ्यांवरून एकदा फिरली. ट्रॉलरवाले समोरच्या कपातला चहा ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली असणार.

"कोणाच्या नाय," बाबा म्हणाले. "माझ्या मनाने लावली. माझी चूक झाली. पण ही मुलगी सांगते ते बरोबर हाय. त्या प्लँटचं काय राहिलं नाय. एखाद्या दिवशी माणसं मरतील."

मग कोणीच दुरुस्तीचं नाव काढलं नाही. ट्रॉलरवाले संचालकसुद्धा नाही. माणसं मरतील हे एकदा अशा माणसाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना स्वस्त पर्यायाचं नाव घेणं अवघड गेलं असावं. की आपलं नाव निघालं नाही म्हणून गप्प बसले? मला हे दुसरं कारणच खरं वाटतं.

ठराव एकमताने झाला. अध्यक्षांनी सांगितला, मी लिहून घेतला. पर्याय दुसरा मंजूर, निबंधकांची मंजुरी आणि कर्ज मिळण्याच्या अधीन राहून. नवा प्लँट उभा राहीपर्यंत जुना चालवावा, मात्र कटआऊट पूर्ववत करून. ऑपरेटर यांनी स्वतःच्या मनाने सुरक्षा साधन निकामी केल्याबद्दल त्यांना लेखी समज देण्यात यावी आणि नव्या प्लँटवर प्रशिक्षित ऑपरेटर नेमण्यात यावा. नोकरी गेली नाही. ग्रॅच्युइटी राहिली. बाकीचं गेलं. 'स्वतःच्या मनाने' हे शब्द मी माझ्या हाताने वहीत लिहिले आणि ते अर्धं खोटं आहे हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी आईने माझं ताट वाढून ठेवलं आणि आत गेली. बाबा ओटीवर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, मी तुमचं ऐकलं नाही."

"नाय ऐकलंस," ते म्हणाले. "बरं केलंस. पण आधीच नाव घालायचं होतंस गो. म्हणजे मला दारात येऊन उभं राहावं लागलं नसतं."

मी तिथेच रडले. त्यांनी मला रडू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या प्लँटचं बांधकाम चाललं होतं आणि जुना तार न लावता चालत होता. म्हणजे चालत नव्हताच. रोज दुपारी कटआऊट पडायचा, बाबा कंडेन्सरवर जास्त पाणी सोडायचे, दाब उतरायची वाट बघायचे आणि पुन्हा चालू करायचे. अंगणात बोटवाले ओरडायचे. ऐकवणार नाहीत असल्या शिव्या. बाबा रजिस्टरमध्ये लाल शाईने 'बंद' लिहायचे आणि प्लँटच्या दारातल्या बाकावर बसून राहायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी ट्रॉलरवाले संचालक स्वतः आले. मी खिडकीतून बघत होते. त्यांच्या दोन बोटी धक्क्याला बर्फावाचून उभ्या होत्या. या वेळी ते ओरडले नाहीत. बाबांच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "एकच दिवस. कोणाला काय कळतंय?"

बाबांनी खिशातून पक्कड काढली, बाकावरचा तारेचा तुकडा उचलला आणि दोन्ही त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्ही लावा," ते म्हणाले. "मी बाहेर जाऊन उभा राहतो."

ते संचालक तसेच उभे राहिले. कॉम्प्रेसर बंद होता, त्यामुळे अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं असणार. मग ते वळले आणि गाडीकडे गेले. बाबांनी पक्कड परत खिशात घातली, वर बघितलं तर मी खिडकीत.

"काय बघतेस गो?" ते म्हणाले. "जा, तुझं काम कर."